घोडा, पोर्श आणि एक मिनिट त्रेपन्न सेकंद

१६ मार्च २०१९ ही तारीख असलेल्या बिलबोर्डच्या साप्ताहिक याद्यांमध्ये एक नवं गाणं एकाच वेळी तीन ठिकाणी दिसलं. अमेरिकेतल्या सगळ्या प्रकारच्या गाण्यांची एकत्र क्रमवारी लावणाऱ्या 'हॉट १००'मध्ये ते ८३वं होतं, हिप-हॉप आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत ३६वं आणि कंट्री गाण्यांच्या यादीत १९वं. गायक होता लिल नॅस एक्स या नावाने गाणारा, अटलांटा शहराजवळ वाढलेला एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. गाण्याचं नाव 'ओल्ड टाउन रोड', लांबी एक मिनिट त्रेपन्न सेकंद. त्यानंतर बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून ते गाजावाजा न करता काढून टाकलं. बाकीच्या याद्यांत मात्र ते चढत राहिलं. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने ही गोष्ट उघडकीला आणली, तेव्हा बिलबोर्डचं उत्तर साधारण असं होतं: गाण्यात काउबॉय आणि कंट्रीचे उल्लेख आहेत, पण आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक नाहीत.

पुरेसे घटक म्हणजे किती, आणि ते मोजायचे कसे? लोकप्रिय संगीताचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हा फार मोलाचा प्रश्न आहे, कारण या विद्याशाखेचा पायाच त्यावर उभा आहे. १९८१ साली ॲमस्टरडॅमला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे फ्रांको फाब्री या इटालियन संगीतकार-अभ्यासकाने संगीतप्रकाराची एक व्याख्या मांडली, ती आजही वर्गावर्गांतून शिकवली जाते. संगीतप्रकार म्हणजे समाजाने मान्य केलेल्या नियमांनी बांधलेला संगीत-घटनांचा समूह, असं त्याचं म्हणणं. या व्याख्येत सुरांइतकंच वजन 'समाजाने मान्य केलेल्या' या शब्दांना आहे. नियम कोणी मान्य केले, कोणाला ते मोडायची मुभा आहे आणि कोणाला नाही, हेही संगीताच्या विश्लेषणातच येतं. 'ओल्ड टाउन रोड' हे त्यासाठी जणू मुद्दाम घडवलेलं उदाहरण आहे.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण बिलबोर्डने 'उल्लेख' म्हटलं ते शब्दांबद्दल.

गाण्याचा नायक घोडा घेऊन जुन्या गावच्या रस्त्याने निघाला आहे आणि थकेपर्यंत दौडत राहणार आहे. ध्रुवपदात एवढंच आहे. पहिल्या कडव्यात त्याची टोपी, बूट, घोड्याचं सामान येतं, आणि टोपीचा रंग मॅट ब्लॅक आहे, म्हणजे महागड्या गाडीला देतात तसा. लगेच पुढे तो कोणा दुसऱ्याला उद्देशून म्हणतो की तुझ्याकडे पोर्श असेल, मी घोड्यावर आहे. दुसऱ्या कडव्यात ट्रॅक्टर आहे, बैलावर बसण्याचा खेळ आहे, जोडीदाराशी केलेली प्रतारणा आहे. त्याच कडव्यात खोकल्याच्या औषधात पेय मिसळून केलेली नशाही आहे, जिचा उल्लेख अटलांटा आणि ह्यूस्टनच्या रॅपमध्ये वारंवार होतो. काउबॉय टोपी गुचीची आहे, जीन्स रँग्लरची.

हे नुसतं दोन जगांतल्या वस्तूंचं कडबोळं नाही. रॅपमध्ये आपल्या मालमत्तेची फुशारकी मारण्याची एक पक्की रीत आहे: गाडी, दागिना, ब्रँड यांची नावं घ्यायची आणि प्रतिस्पर्ध्याला खाली दाखवायचं. लिल नॅस एक्सने ती रीत जशीच्या तशी ठेवली आहे आणि त्या चौकटीत गाडीच्या जागी घोडा बसवला आहे. यमकांची बांधणीही रॅपचीच. पहिल्या कडव्यात ओळीमागून ओळ एकाच आघाती अक्षरावर संपते आणि ओळीच्या मधेही तेच अक्षर एकदा आपटतं. कंट्री गाण्यात कडवं बहुधा गोष्ट पुढे नेतं: कोण होतं, काय झालं, मग काय झालं. इथे गोष्ट पुढे जात नाही. नायक पहिल्या ओळीत जिथे आहे तिथेच शेवटच्या ओळीत आहे, फक्त त्याच्याविषयीची चित्रं वाढत जातात.

इथे अभ्यासकाने थांबून एक काळजी घ्यायला हवी. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ सायमन फ्रिथ यांनी बजावून सांगितलं आहे की गाण्याचे शब्द कवितेसारखे कागदावर वाचून त्यांचा अर्थ लागत नाही. ते कोणाच्या तरी आवाजात उच्चारलेले असतात, आणि तो आवाज म्हणजे एक पात्र असतं. कागदावर वाचलं तर 'ओल्ड टाउन रोड' ही थट्टा वाटते. ऐकलं की तसं ठामपणे म्हणवत नाही. आवाज खालच्या पट्टीतला, शब्द लांबवणारा, दक्षिणेकडच्या उच्चारांवर जरा जास्तच जोर देणारा आहे. पण तो हसत नाही. मला कोणी काही सांगू शकत नाही, अशा अर्थाची ओळ येते तेव्हा तर आवाजात चक्क हट्ट आहे. मुलाखतींत त्याने सांगितलं आहे की कॉलेज सोडून बहिणीकडे राहत असताना, एकटा पडलेला असताना, त्याने हे लिहिलं, आणि त्याच्या मनात तो रस्ता यशाकडे जाणारा होता. लेखकाचं म्हणणं हा अर्थ लावण्याचा एक पुरावा आहे, निकाल नाही. पण आवाजातला हट्ट त्या पुराव्याशी जुळतो, म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

आता ध्वनी. या गाण्याची निर्मिती कशी झाली हे ऐकल्याशिवाय त्याचा काळ कळत नाही.

२००८ साली नाइन इंच नेल्स या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक गटाने 'घोस्ट्स १ ते ४' हा शब्दविरहित तुकड्यांचा अल्बम काढला. ट्रेंट रेझ्नर आणि ॲटिकस रॉस यांच्या या अल्बममधले तुकडे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले होते: कोणीही घ्या, बदला, फक्त श्रेय द्या आणि धंद्यासाठी वापरू नका. दहा वर्षांनी नेदरलंड्समधल्या यंगकिओ नावाच्या तरुणाला त्यातला चौतिसावा तुकडा यूट्यूबवर सापडला. त्यातले बँजोसारखे खुडून वाजवलेले तारांचे सूर त्याने कापून घेतले, त्यांचं आवर्तन केलं, खाली ड्रम आणि बास घातला आणि तो बीट 'बीटस्टार्स' नावाच्या ऑनलाइन बाजारात विकायला ठेवला. लिल नॅस एक्सने तो ३० डॉलर देऊन भाड्याने घेतला. डिसेंबर २०१८ मध्ये अटलांटातल्या एका छोट्या स्टुडिओत, जिथे मंगळवारी २० डॉलरमध्ये ध्वनिमुद्रण होत असे, त्याने आवाज भरला. निर्माता आणि गायक एकमेकांना भेटलेलेही नव्हते.

पूर्वी अशा गाण्यात संगीत दिग्दर्शक, वादक, ध्वनिमुद्रक, गायक हे एका खोलीत असायचे आणि एकमेकांना उत्तर द्यायचे. इथे गायकाच्या हाती आला तो तयार ध्वनीचा एक ठोकळा. त्याला त्यातली तार कमी-जास्त करता येत नव्हती, की आवर्तन बदलता येत नव्हतं. म्हणून गाण्यातला सगळा चढउतार दोनच गोष्टींनी घडतो: बीटमधला थर कधी येतो आणि कधी जातो, आणि आवाज कोणत्या थराशी हातमिळवणी करतो.

हे ऐकण्याची एक पद्धत ॲलन मूर या अभ्यासकाने रुळवली. डोळे मिटून गाणं ऐकायचं आणि एक पेटी कल्पायची, तिला तो ध्वनिपेटी म्हणतो. डावं-उजवं, पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं अशा तिच्या तीन दिशा. प्रत्येक आवाज कुठे बसला आहे ते नोंदवायचं. 'ओल्ड टाउन रोड' असं ऐकलं तर पेटी जवळजवळ रिकामी आहे, हे पहिल्यांदा जाणवतं. मधोमध, अगदी पुढ्यात, गायकाचा आवाज. त्याच्या मागे तारांचं ते तुटक आवर्तन. सगळ्यात वर हाय-हॅटची बारीक टिकटिक. आणि तळाशी ८०८चा बास. १९८० साली बाजारात आलेल्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम यंत्राच्या किकमधून हा लांब घुमणारा आवाज आला, आणि पुढे अटलांटाच्या ट्रॅप संगीताची ती ओळखच बनली. गिटारची साथ, फिडल, कोरस, यांतलं काहीही पेटीत नाही.

गाणं सुरू होतं तेव्हा पेटीत तार आणि आवाजच आहेत. ध्रुवपद एवढ्याच साथीवर म्हटलं जातं, आणि तेवढा वेळ ऐकणाऱ्याला हे कोणा एकट्या माणसाचं कंट्री गाणं वाटू शकतं. पहिलं कडवं सुरू होतं त्या क्षणी खालून बास उसळतो आणि हाय-हॅट धावू लागते. तार तीच, आवाज तोच, पण गाणं दुसऱ्या जगात गेलेलं असतं. या जागेला निर्माते 'ड्रॉप' म्हणतात. लयीतही तोच दुहेरीपणा आहे. मोजली तर लय मिनिटाला सुमारे ६८ ठोके भरते, म्हणजे घोड्याच्या संथ चालीसारखी. हाय-हॅट मात्र त्याच्या दुपटीने आणि मधूनच तिप्पट तुकड्यांत मोजते. ऐकणाऱ्याने कोणती लय अंगात धरायची हे त्याचं त्याने ठरवावं. ६८च्या लयीत चार मात्रांचं एक आवर्तन साडेतीन सेकंदांचं होतं, म्हणजे अख्खं गाणं सुमारे बत्तीस आवर्तनांत संपतं.

ड्रॉपची जागा इतकी नेमकी असल्याचा परिणाम लगेच दिसला. टिकटॉकवर हजारो लोकांनी एकाच साच्यातले व्हिडिओ केले: आधी साध्या कपड्यात उभं राहायचं, बास उसळला की काउबॉयच्या वेशात दिसायचं. 'यीहॉ चॅलेंज' असं त्या साच्याचं नाव पडलं. गाण्याची रचना या लोकांनी कोणत्याही समीक्षकाच्या आधी आणि अचूक वाचली होती. गाण्याचा मुख्य प्रसंग शब्दांत नसून थर बदलण्यात आहे, आणि तो प्रसंग म्हणजे वेशांतर आहे, हे त्यांनी अंगाने करून दाखवलं.

फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं तर आणखी एक गोष्ट कळते. पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपासचे मंद्र ध्वनी तो स्पीकर जवळजवळ देऊच शकत नाही. तिथे ८०८चा तळ गळून पडतो आणि उरतात तार, आवाज आणि हाय-हॅट. तारांचे सूर मधल्या पट्टीत असल्याने ते स्वच्छ ऐकू येतात आणि दोन सेकंदांत ओळखू येतात. गाडीत किंवा हेडफोनवर तेच गाणं बासमुळे ट्रॅप वाटतं. म्हणून विश्लेषण करणाऱ्याने आपण गाणं कशावर ऐकलं ते लिहून ठेवलं पाहिजे. नाहीतर दोन अभ्यासक वेगवेगळ्या गाण्यांबद्दल भांडत बसतात.

लांबीबद्दलही बरंच बोललं जातं. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरली जाते. दोन मिनिटांच्या गाण्याला आणि पाच मिनिटांच्या गाण्याला प्रत्येक स्ट्रीममागे सारखंच मोजलं जातं, तेव्हा छोटं गाणं दोनदा वाजण्यात फायदा आहे. लांब वाद्यमेळाने सुरुवात करणं धोक्याचं, कारण ऐकणारा पुढच्या गाण्यावर उडी मारतो. ओहायो राज्य विद्यापीठात उबेर लेवेयी गोव्हँ या संशोधकाने १९८६ ते २०१५ या काळातली गाजलेली अमेरिकन गाणी तपासली, तेव्हा ऐंशीच्या दशकात वीस सेकंदांहून लांब असलेली सुरुवात पाच सेकंदांच्या आसपास आलेली दिसली. 'ओल्ड टाउन रोड' या चौकटीत चपखल बसतं. पण गाणं छोटं आहे ते स्ट्रीमिंगमुळेच, असं एका गाण्यावरून म्हणता येत नाही. भाड्याचा बीट, दोन कडव्यांपुरतं सुचलेलं गाणं आणि तासाच्या हिशोबाने घेतलेला स्टुडिओ ही कारणंही तितकीच खरी. माध्यमाने गाण्याला मापात बसवणं तसंही नवीन नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात रागाचं रूप उभं करण्याची कला आपल्या नाट्यगायकांनी आणि ख्यालियांनी शंभर वर्षांपूर्वी कमावली होती.

आता बिलबोर्डच्या वाक्याकडे वळता येईल. घटक मोजायचे तर कशाशी तुलना करून? फिलिप टॅग या अभ्यासकाची पद्धत इथे कामी येते. एखाद्या गाण्यातला एक लहान अर्थपूर्ण तुकडा घ्यायचा आणि तोच तुकडा किंवा त्याचा भाऊबंद आणखी कोणकोणत्या गाण्यांत सापडतो ते शोधायचं. त्या गाण्यांना समाजाने कुठे बसवलं आहे, त्यावरून तुकड्याचा अर्थ कळतो.

बिलबोर्डची कंट्री यादी २०१२ पासून नव्या नियमांनी बनत होती. त्यात कंट्री रेडिओबरोबर इतर सगळ्या रेडिओ केंद्रांवरचं वादन, विक्री आणि स्ट्रीमिंगही मोजलं जाई. नियम बदलल्यावर २०१३ मध्ये फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचं 'क्रूझ' हे गाणं त्या यादीत एकूण २४ आठवडे पहिलं राहिलं, आणि त्यामागचं बळ होतं रॅपर नेलीबरोबर केलेलं रीमिक्स. २०१७ मध्ये सॅम हंटचं 'बॉडी लाइक अ बॅक रोड' ३४ आठवडे अव्वल होतं. त्यात कडवं जवळजवळ बोललेलं आहे आणि तालाला चुटक्या आहेत, ज्या थेट रिदम अँड ब्लूजमधून आलेल्या. त्यानंतर बीबी रेक्सा या पॉप गायिकेने फ्लोरिडा जॉर्जिया लाइनबरोबर गायलेलं 'मेंट टू बी' तब्बल ५० आठवडे वर बसलं. यंत्रावरचा ताल, बोलल्यासारखं गाणं, रॅपरची हजेरी, बाहेरची गायिका: 'ओल्ड टाउन रोड'मधला जवळजवळ प्रत्येक 'परका' घटक या याद्यांत आधीच घर करून होता. उलट तारांचा तो खुडका सूर, घोडा, टोपी आणि दक्षिणी उच्चार यांची मात्रा या गाण्यात त्यांच्यापेक्षा जास्तच भरते.

म्हणजे ध्वनीची मोजणी करून निकाल लागत नाही. अभ्यासक आणखी एक चाचणी करतात: गाण्यातली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि अर्थ बदलतो का पाहायचं. एरवी ही चाचणी डोक्यातल्या डोक्यात करावी लागते. इथे ती प्रत्यक्ष घडली. ५ एप्रिल २०१९ रोजी बिली रे सायरसबरोबरचं रीमिक्स आलं. १९९२ साली 'एकी ब्रेकी हार्ट' गाऊन घराघरांत पोहोचलेला हा कंट्री गायक. बीट तोच, तारा त्याच, बास तोच. ध्रुवपद आता आधी सायरसच्या घोगऱ्या, मुरलेल्या आवाजात येतं. शेवटी त्याचं स्वतःचं कडवं आहे, आणि गंमत पाहा, त्या कडव्यात घोडा नाही. तिथे महागडी गिटार, हिऱ्याच्या अंगठ्या, फेंडी आणि मासेराटी आहेत. कंट्रीचा माणूस रॅपची फुशारकी मारतो आणि रॅपर घोड्यावर बसतो, अशी अदलाबदल आहे. माझ्या मते या रीमिक्समधलं सगळ्यात सुरेख कसब हेच आहे. दोघेही एकमेकांचा वेश घालतात, म्हणून कोणाचाच वेश थट्टा ठरत नाही.

कंट्रीची ओळख सांगणारा आवाज आणल्यावरही गाणं कंट्रीच्या मुख्य यादीत परतलं नाही. कंट्री रेडिओच्या स्वतंत्र यादीत ते पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास अडकलं. 'हॉट १००'मध्ये मात्र ते एप्रिलमध्ये पहिलं झालं आणि एकोणीस आठवडे तिथून हललं नाही. त्याआधीचा सोळा आठवड्यांचा विक्रम मराया कॅरी आणि बॉइझ टू मेन यांच्या 'वन स्वीट डे'चा आणि नंतर 'देस्पासितो'चा होता. एका आठवड्यात अमेरिकेत गाण्याचे १४ कोटी ३० लाख स्ट्रीम झाले. डिप्लो, यंग थग आणि मेसन रॅम्झी, बीटीएसचा आरएम अशी रीमिक्सं येत राहिली. मूळ गाण्याच्या आवृत्त्या एकत्र मोजल्या जातात, म्हणून प्रत्येक रीमिक्सने तोच आकडा फुगवला. स्ट्रीमिंगच्या काळात 'गाणं' ही एक वस्तू उरली नाही, ते एक कुटुंब झालं, आणि विश्लेषण करताना कोणत्या सदस्याबद्दल बोलतो आहोत हे सांगावं लागतं. मूळ गाण्यातलं एकाकीपण रीमिक्समध्ये दोस्तीत बदलतं. दोन्हींचा अर्थ एकच धरला तर विश्लेषण फसतं.

मग गाण्याला बाहेर ठेवलं कशाने? अमेरिकेत बहुतेकांनी उत्तर दिलं: वंशाने. या उत्तराला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकताना दोन कप्पे केले. कृष्णवर्णीयांसाठीच्या तबकड्यांना 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्या ग्रामीणांसाठीच्या तबकड्यांना 'हिलबिली' अशी नावं दिली. कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर या इतिहासकाराने दाखवून दिलं आहे की त्या काळचे दक्षिणी वादक, काळे काय किंवा गोरे काय, सगळ्याच प्रकारची गाणी वाजवत. कप्पे दुकानदारीने पाडले. बँजो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतून आलेला. १९३० साली कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स याच्या एका ध्वनिमुद्रणात ट्रंपेट वाजवला होता लुई आर्मस्ट्राँगने. १९४९ मध्ये बिलबोर्डने 'रेस'च्या जागी 'रिदम अँड ब्लूज' हे नाव आणलं, आणि 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नावही त्याच वर्षी यादीवर आलं. २०१९ मध्ये जे गाणं यादीतून निघालं ते सत्तर वर्षांपूर्वी नव्याने रंगवलेल्या भिंतीवर आपटलं होतं.

तरीही उत्तर तिथेच थांबवता येत नाही, कारण त्याच वर्षी एक अडचणीचं उदाहरण घडलं. ब्लँको ब्राउन हा अटलांटाचाच, कृष्णवर्णीय गायक. त्याचं 'द गिट अप' हे गाणं ट्रॅपचा बास आणि कंट्रीची तार यांचंच मिश्रण होतं, टिकटॉकवरच पसरलं, आणि २०१९च्या उन्हाळ्यात ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं. त्याला कोणी काढलं नाही. दोन गाण्यांमधला मोठा फरक ध्वनीत नाही, दारात आहे. ब्राउनचं गाणं नॅशव्हिलमधल्या कंट्री कंपनीमार्फत आलं होतं. लिल नॅस एक्सने आपलं गाणं स्वतःच साउंडक्लाउडवर चढवलं आणि प्रकाराच्या रकान्यात स्वतःच 'कंट्री' निवडलं. गाणं कोणत्या जातीचं हे सांगण्याचा हक्क आजवर कंपन्या, रेडिओचे कार्यक्रम-संचालक आणि यादी बनवणारे यांच्याकडे होता. इथे तो एका मुलाने वेबसाइटवरच्या रकान्यातून घेतला, आणि गाणं गाजेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. 'द गिट अप' आलं ते या वादानंतर, म्हणजे त्याच्या वेळी दार जरा किलकिलं झालेलं होतं, हेही ध्यानात घ्यावं लागतं. वंश आणि संस्था ही दोन कारणं इथे एकमेकांत गुंतलेली आहेत. फक्त एकाचं नाव घेणारं विश्लेषण सोपं होतं, पण अपुरं राहतं.

फाब्रीच्या व्याख्येतला 'समाज' एकसंध नाही, हेही या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने याच रीमिक्सला आपला पुरस्कार दिला. जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमी समितीने ते गौरवलं, पण पॉप विभागात. मूळ तारांचे धनी रेझ्नर आणि रॉस यांना लेखक आणि निर्माते म्हणून श्रेय मिळालं. त्यांच्या खुल्या परवान्यात धंदा बसत नव्हता, म्हणून कोलंबिया कंपनीने गाणं विकत घेतल्यावर रीतसर परवानगी घ्यावी लागली. यादी बनवणारे, रेडिओवाले, कलाकारांची संघटना आणि टिकटॉकवरचे प्रेक्षक यांनी एकाच दोन मिनिटांच्या ध्वनीला वेगवेगळ्या घरात नेऊन बसवलं.

२०२४ मध्ये हीच तुलना पुन्हा करण्याची संधी अभ्यासकांना मिळाली. व्हर्जिनियात वाढलेला नायजेरियन वंशाचा गायक शाबूझी याचं 'अ बार साँग (टिप्सी)' आलं. त्याचं ध्रुवपद जे-क्वॉन या रॅपरच्या २००४ मधल्या 'टिप्सी'वर रचलेलं आहे. भोवती अकूस्टिक गिटार, टाळ्या आणि फिडल आहेत. ८०८चा तळ इथे पुढे येत नाही. हे गाणं 'हॉट १००'मध्ये एकोणीस आठवडे पहिलं राहिलं, म्हणजे 'ओल्ड टाउन रोड'ची त्याने बरोबरी केली, आणि बिलबोर्डची कंट्री यादी आणि कंट्री रेडिओची यादी या दोन्हींतही ते पहिलं झालं. त्या वर्षी मार्चमध्ये बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर' अल्बममध्ये शाबूझी गायला होता. पाच वर्षांत दारावरचे लोक बदलले, की गिटार पुढे आणि बास मागे ठेवण्याने काम झालं, हे ठरवायचं तर दोन्ही गाणी एकाच जोडी हेडफोनवर, एकामागून एक, थराथराने ऐकावी लागतील, आणि त्याच्या जोडीला त्या आठवड्यांतले कंट्री रेडिओचे कार्यक्रम तपासावे लागतील.